लवकर सोडण्याची विनंती

राजीनाम्याचा मेल तिने सकाळीच टेस्टिंग लीडला पाठवला होता. मोबाइल गेम तपासणं सोडून ती दुसऱ्या कंपनीत गेमचा कोड लिहायला, ज्युनिअर डेव्हलपर म्हणून जाणार होती. शेवटच्या ओळीत विनंती होती: नोटीस पूर्ण होण्याआधी सोडावं, कारण नव्या टीमला तिची घाई होती.

दुपारी लीडने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. आधी अभिनंदन केलं, मग मुद्द्यावर आला. गेमची नवी आवृत्ती आज ॲप स्टोअरला जायची होती आणि तिने नोंदवलेला एकच बग आडवा आला होता. लेव्हल सेव्ह होताना फोन आला, की एखाद्या वेळी खेळाडूची सगळी प्रगती पुसली जायची. डेव्हलपरकडे ते एकदाही घडलं नव्हतं.

"‘पुन्हा घडला नाही’ असं लिहून बंद कर," तो शांतपणे म्हणाला. "तुझी विनंती मी आजच मंजूर करतो."

ती जागेवर येऊन बसली. घरी ताईने तिच्या नोकरीची बातमी अख्ख्या मजल्यावर वाटून टाकली होती. आता ती नोकरी हुकली तर काय सांगायचं? बग बंद करायला एक क्लिक पुरेसा होता. कर्सर बटणावर नेऊन तिने दोनदा मागे घेतला.

मग तिने राजीनाम्याचा नवा मेल लिहिला. विनंतीची ओळ काढली, नोटीस पूर्ण करीन असं लिहिलं आणि तो लीडबरोबर एचआरलाही पाठवला.

टेस्टिंगच्या कपाटातला सर्वांत जुना, कमी मेमरीचा फोन घेऊन ती डेव्हलपरकडे गेली. तो वैतागलाच होता. सेव्हचं चक्र फिरताना तिने आपल्या फोनवरून त्यावर कॉल लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. लीड मागे येऊन उभा राहिला. आणखी काही प्रयत्नांनंतर गेम उघडला तो थेट पहिल्या लेव्हलवर.

डेव्हलपर खुर्चीत सरसावला. मेमरी कमी पडली की सिस्टिम कॉलमुळे मागे गेलेला गेम बंद करत होती आणि सेव्ह फाइल अर्धवट राहत होती. "जुन्या फाइलवरच लिहितोय आपण," तो पुटपुटला. "आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायला हवं, पूर्ण झाली की मग अदलाबदल."

"आज जात नाही मग," लीड एवढंच म्हणाला आणि निघून गेला. संध्याकाळी त्याचा कोरडा मेल आला: राजीनामा स्वीकारला, नोटीस पूर्ण करावी.

जिन्यात उभं राहून तिने नव्या कंपनीला फोन केला आणि उशीर होईल, असं सांगितलं.

"ती जागा थांबवता येणार नाही," पलीकडून उत्तर आलं. "जाहिरातींच्या टीममध्ये मात्र तोवर एक रिकामी होतेय. कोडच लिहायचाय, पण गेमचा नाही. चालेल?"

तिला गेमचाच लिहायचा होता. तिने कठडा घट्ट धरला.

"चालेल," ती म्हणाली.