चौथ्या जागेवरचं माणूस

"या पोरीचा अर्थ सांगून होईपर्यंत माह्या घरची डाळ करपते," मागच्या रांगेत मैनाबाई पुटपुटली.

चंदाबाईंच्या कानाला ते इतकं गोड लागलं, की त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वळल्या असत्या तर हसू दिसलं असतं.

अकोल्याच्या त्या विहारात रविवारचं पाली सुत्तांचं पठण अठरा वर्षं चंदाबाईच घेत. त्या पुढच्या आसनावरून म्हणणार, बायका मागून म्हणणार. शाळा सातवीपर्यंत, पण एका फाटक्या पुस्तिकेवरून त्यांनी एकेक गाथा घोटून घोटून पाठ केली होती. आवाज असा, की भाजीवाला दाराशी गाडी उभी करून ऐकत राही. मग आषाढात विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या शेषरावांची सून आली. मोनाली. अमरावतीची, पालीत एम.ए. झालेली. बायकांनी कौतुकानं तिला अर्थ विचारायला सुरुवात केली, आणि चंदाबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबेना.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास संपत आला होता. आश्विन पौर्णिमेला अमरावतीच्या विहारातली मंडळी पठण ऐकायला यायची होती. त्या दिवशी पुढच्या आसनावर कोण बसणार, याबद्दल विहारात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

पहिला घाव मेत्ताचा. "मेत्ता म्हणजे आईची माया," असं चंदाबाई अठरा वर्षं सांगत आल्या होत्या. मोनाली हळूच म्हणाली, "मावशी, थोडं वेगळं आहे ते. 'माता यथा नियं पुत्तं, आयुसा एकपुत्तमनुरक्खे.' आई एकुलत्या लेकराला जिवापलीकडे जपते, तसं जपत आपलं मन वाढवायचं. आणि ते कसं? 'अपरिमाणं.' माप नसलेलं. मायेला माप असतं, माझं लेकरू आधी. जुने आचार्य तर आसक्तीला मेत्ताची जवळची वैरीण म्हणतात. दिसते हुबेहूब मेत्तासारखी, म्हणून ओळखू येत नाही."

बायका माना डोलावत राहिल्या. त्या दिवशी चंदाबाईंनी भाकरी अशी थापली, की परातीनं हात जोडावेत.

आज मात्र त्या तयारीनं आल्या होत्या. दुक्ख म्हणजे दुःख. त्यात कशाचं आलंय एम.ए.?

"अवं माय," त्यांनी गोड आवाजात विचारलं, "दुक्ख म्हणजे काय, ते सांग बरं या बायायले."

मोनालीनं जरा विचार केला. "तीन तऱ्हेचं सांगतात, मावशी. दाढ दुखते, माणूस जातं, ते पहिलं. ते सगळ्यांनाच कळतं, आणि मराठीतलं दुःख तेवढ्यालाच पुरतं. दुसरं सुखाच्या आतच बसलेलं असतं. सगळं छान चाललेलं असतं, पण ते बदलणार असतं. म्हणून मूठ आवळून बसायचं, आणि आवळलेली मूठही दुखते. तिसरं फार बारीक. दहा गोष्टी जुळून जे बनतं, ते कधी स्वस्थ नसतं. टेकायला गेलं की डुगडुगतं."

चंदाबाईंनी आपल्या आसनाकडे, खालच्या सतरंजीच्या घडीकडे पाहिलं. अठरा वर्षांचं सुख. 'यम्पिच्छं न लभति तम्पि दुक्खं' हे त्या दर रविवारी म्हणत. हवं ते न मिळणं, तेही दुक्ख. पण मिळालेलंच टोचतं, हे पुस्तिकेत नव्हतं. पोरीला पकडायला खड्डा खणला, आणि पाय कुणाचा गेला?

"आता मेत्ता करून पाहू," मोनाली म्हणाली. "डोळे मिटा. आधी स्वतःसाठी म्हणायचं, सुखी असो. मग एखादं प्रिय माणूस. मग नुसतं ओळखीचं, ना जवळचं ना दूरचं. आणि चौथ्या जागेवर, ज्याचं नाव काढलं की पोटात कळ येते ते. राग उठला तर मागे या, प्रिय माणसाकडे. जबरदस्ती नाही."

चंदाबाईंनी स्वतःला आशीर्वाद दिला. नातवाला दिला. भाजीवाल्याला दिला. चौथ्या जागेवर हिरव्या साडीतली, शांत आवाजाची एक पोरगी येऊन बसली. चंदाबाई झटकन नातवाकडे परतल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा परतल्या. सहा खेपा झाल्या. शेवटी नातवालाही कंटाळा आला असावा.

"झालं?" मोनालीनं विचारलं.

"झालं," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

"मंग आता पुनवेचं ठरवून टाका ना," मैनाबाईच्या तोंडून गेलं, आणि तिनं जीभ चावली. बायका सतरंजीचे धागे पाहू लागल्या. शेषराव दारात चपला सरळ करत बसले, ज्या आधीच सरळ होत्या. मोनाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

चंदाबाईंनी घसा साफ केला. गाथेआधी करत तसाच.

"आसनाचं मागून ठरवा," त्या म्हणाल्या. "मोनाली, माह्या चौथ्या जागेवर तूच होती. आषाढापासून जळून राहिली मी तुह्यावर."