अस्तरातलं सोनं

सराफाच्या काउंटरवर बाबांनी जाकीट उलटं पसरलं आणि अस्तराचे टाके उसवायला घेतले. एकेक ग्रॅमची नाणी बाहेर येऊ लागली. चोराच्या भीतीने त्यांनी ती अशी शिवून ठेवली होती. नाण्यांची सीलबंद पाकिटं अस्तरात टोचतात म्हणून फाडून टाकलेली. शिंप्याची अक्कल, दुसरं काय!

संध्याकाळपर्यंत पैसे भरले तर ज्या भाड्याच्या दुकानात बाबांनी जन्म काढला ते दुकान आमचं होणार होतं. नाही भरले तर मालक दुसऱ्याला देणार होता. नाण्याचा आजचा भाव बाबांनी सकाळीच फोनवर विचारला होता. त्या भावाने हिशेब चोख बसत होता.

सराफाने नाणी तपासली, वजन केलं, आकडा सांगितला. माझं डोकंच फिरलं.

"अहो, सकाळी तुम्हीच भाव सांगितलात ना?"

"तो आम्ही विकतो तो भाव, ताई. नाणं पाडायचा खर्च, पाकीट, आमचा नफा, सगळं त्यात धरलेलं असतं. परत घेताना फक्त सोन्याचे पैसे, तेही बाजारभावापेक्षा थोडे कमी. पाकीट असतं तर पुन्हा तसंच विकता आलं असतं. आता वितळवावं लागणार, त्याचीही घट धरलीय."

"म्हणजे किती गेले?" बाबांनी विचारलं.

"दहा नाण्यांमागे साधारण एक."

शेजारच्या दोन सराफांकडे मी तणतणत जाऊन आले. एकाने तेवढेच सांगितले, दुसऱ्याने त्याहून कमी.

"काका, सुटी नाणी महागच पडतात," सराफ समजुतीने म्हणाला. "एकदाच मोठं बिस्किट घेतलं असतंत, तर वरचे पैसे फार थोडे गेले असते."

"एवढे पैसे एकदम कधी होते माझ्याकडे?" बाबा शांतपणे म्हणाले. "महिनाभर सदरे शिवून थोडे थोडे साठले की एक नाणं."

बाबांचा मला राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती.

"द्या पैसे," बाबा म्हणाले आणि रिकामं जाकीट त्यांनी अंगात घातलं.

कमी पडलेली रक्कम त्यांनी दुपारीच उभी केली. कशी, ते मला सांगितलं नाही. संध्याकाळी कागदांवर सह्या झाल्या, मालकाने त्याच्याकडची किल्लीही हातात दिली. मी मोठ्या उत्साहाने शटर वर केलं.

आत बाबांची दोन्ही शिलाई मशिनं नव्हती. ती जिथे असायची तिथे फरशीवर तेलाचे डाग होते.

बाबा पायरीवर बसले, सुईत दोरा ओवला आणि जाकिटाचं उसवलेलं अस्तर शिवायला लागले.

"दुकान आपलं झालं, बाळा," ते म्हणाले.