खरं लिहा, चाचा

हिंगोलीच्या एमआयडीसीत मळणीयंत्रांचा एक कारखाना होता. २००६ साली तिथं ईआरपी आणायचं ठरलं, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन सगळं एकाच संगणकप्रणालीत. त्याआधी माणसं या बदलाला कितपत तयार आहेत हे तपासायला पुण्याहून सल्लागार रागिणी मॅडम आल्या. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, खाली मनातलं लिहायला चार ओळी. नाव लिहायचं नाही.

कागद भरून घ्यायचं काम कामगारांची हजेरी-पगार सांभाळणाऱ्या शिवहारकडं आलं. लोक बिचकत होते. त्यानं खात्याखात्यात जाऊन शब्द दिला, कुणाचा कागद कुणाला दिसणार नाही. स्टोअरचे चाँद पाशा बावीस वर्षांचे जुने. त्यांनी विचारलं, "खरं लिहू, का बरं वाटंल ते लिहू?"

"खरं लिहा, चाचा."

त्यांनी खरंच लिहिलं. कार्डावर एक आकडा, रॅकमध्ये दुसरा. शेठचा भाचा चिठ्ठीशिवाय बेरिंगं नेतो. हाच साठा भरला तर संगणकबी खोटंच सांगंल. आधी मोजणी करा, आमाला शिकवा, मग चालू करा.

मॅडमच्या अहवालातही तेच आलं. कारखाना अजून तयार नाही, तीन महिने थांबा. खात्यांची नावं त्यांनी मुद्दाम टाकली नव्हती. स्टोअरमध्ये दोनच माणसं, लगेच ओळखू आली असती. कागद फाडून टाका, असं शिवहारला बजावून त्या गेल्या. उद्या करू म्हणत ते राहून गेलं.

रामप्रसाद शेठनं अहवाल चाळला आणि कागद मागवले. शिवहारनं गठ्ठा नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला. भाच्याची ओळ वाचून शेठ थांबला. ते अक्षर बावीस वर्षं प्रत्येक गेटपासवर होतं.

"बदलाला विरोध करणारा हा एकच दिसतो," शेठ म्हणाला. "राजीनामा लिहून घे."

चाँद पाशांनी सही करायच्या आधी शिवहारकडं पाहिलं. "माझा कागद तुमी दिला काय?"

"न्हाई, चाचा."

"व्हय, तुमी देणार न्हाई. ठावं हाय मला." त्यांनी सही केली. वर, तुमाला तकलीफ झाली म्हणून शिवहारचीच पाठ थोपटली आणि डबा उचलून कळमनुरीच्या बसला गेले.

पंधरा दिवसांनी शेठनं तेच कागद पुन्हा भरायला लावले. या वेळी मॅडम नव्हत्या. कुणी काही विचारलं नाही. फोर्जिंगवाल्यांनी, वेल्डरांनी, स्टोअरच्या उरलेल्या माणसानं, सगळ्यांनी पाचावर खूण केली आणि खालच्या चार ओळी कोऱ्या सोडल्या. शेठनं सरासरी बघितली, पेढे मागवले, आणि ठरल्या तारखेला प्रणाली सुरू केली. मोजणी झालीच नव्हती.

सोयाबीनच्या हंगामात संगणक चारशे बेरिंगं दाखवत होता. रॅकमध्ये एकतीस निघाली. सत्तर यंत्रं अर्धवट उभी राहिली. शेठनं स्टोअरच्या उरलेल्या माणसालाही काढलं. ते पत्रही शिवहारनंच टाइप केलं.