पत्रातला शेवटचा परिच्छेद

आमच्या ह्यांचं पत्र पेपरात छापून आलं त्या दिवशी घराला लग्नघराची कळा आली होती. विनाअनुदानित शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पेन्शनच्या नावानं शून्य. सगळी भिस्त ठेवींच्या व्याजावर. नऊ टक्क्यांचे सहा झाले आणि तेल नव्वदवरून पावणेदोनशेला गेलं, तेव्हा ह्यांनी रागारागानं लिहिलं, ‘बचत करणाऱ्यालाच शिक्षा का?’

सकाळपासून फोन वाजत होता. तेवढ्यात शेजारच्या प्रभावतीबाई खोत पेढे घेऊन आल्या. नवरा ह्यांच्याच शाळेत होता, आता त्या एकट्याच.

“सर, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. मीही बँकेतली ठेव मोडते. बाजारपेठेतली पतसंस्था अकरा टक्के देते.”

हे फोनवर कुणाचं तरी कौतुक ऐकत होते. मान डोलावली, पेढा तोंडात टाकला. मी चहा गाळत होते. म्हटलं, जरा जपून म्हणून सांगतील हेच. त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही.

बाईंनी मुदतीआधी ठेव मोडली, दंडापायी एक टक्का कमी व्याज घेतलं आणि सगळी रक्कम पतसंस्थेत ठेवली. सात महिने अकरा टक्क्यांनी व्याज आलं. आठव्या महिन्यात शटर खाली.

परवा त्या आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या. “सर, तुमचं छापतात. माझ्यासाठी लिहा.”

हे उठले. कपाटातून मूळ पत्राची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. “बाई, मी लिहिलं होतं हो. हा शेवटचा परिच्छेद बघा. ‘जास्त व्याजाला भुलून पतसंस्थेत जाऊ नका, तिथल्या ठेवींना बँकेसारखा विमा नसतो.’ जागा नाही म्हणून पेपरवाल्यांनी कापला.”

मला ह्यांचा इतका संताप आला, की प्रत हिसकावून चुलीत घालावी. माणूस बुडतंय आणि हे आपलं अक्षर दाखवतायत.

बाईंनी चष्मा पुसून ते सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मी इथंच उभी होते, सर. पेढे घेऊन.”

 मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मीही तिथंच होते. ह्यांनी कोरा कागद ओढला. “लिहितो. आजच पाठवतो. तुमचं नाव घालू?”

“पत्र राहू द्या आता,” बाई म्हणाल्या. “गोळ्या उद्या संपतात. घरभाडं पाच तारखेला द्यायचंय. तुम्ही गणिताचे सर ना, मी कसं भागवायचं तेवढं सांगा.”

ह्यांनी पेन उचललं. कागदावर बाईंचं भाडं लिहिलं, खाली औषधं लिहिली आणि जमेच्या बाजूला लिहायला आकडाच नव्हता.