सातव्या मजल्यावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. अंधेरीत वेसाव्याच्या रस्त्याला, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत मी वर-खाली करते. मला बोलता येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण माझ्यासमोर लोक इतकं बोलतात, की ऐकून ऐकून शहाणपण यायचंच.

कारखान्यात माझे पत्रे जोडले, तारा ओढल्या, बटणांवर शून्य ते सात आकडे कोरले. इथे आले तेव्हा माझ्यासमोर नारळ फुटला आणि दाराला झेंडूचं तोरण लागलं. चाळीत आयुष्य गेलेली माणसं आरशात तोंड बघायला म्हणून उगाच वर जाऊन खाली यायची. मी अगदी हुरळून गेले होते. पुढे तोरण सुकलं, पंखा बंद पडला आणि कोपऱ्यात कुणी पानाची पिचकारीही मारली. तरी ‘आमच्याकडे लिफ्ट आहे’ असं पाहुण्यांना सांगताना सगळ्यांची मान ताठ व्हायची आणि माझाही भाव वाढायचा.

सेक्रेटरी दशरथभाऊ शिस्तीचे. त्यांनी माझ्या दाराशेजारी एक पाटी लावली: ‘ओल्या मालाची टोपली लिफ्टमधून नेऊ नये.’ नियम सगळ्यांना सारखा. फक्त इमारतीत टोपली एकीचीच होती.

ती सोनूबाई. सातव्या मजल्यावर राहणारी, बंदरावरून म्हावरा, म्हणजे मासळी, आणून बाजारात विकणारी. पहाटे रिकामी टोपली घेऊन उतरायची, दुपारी उरलेला माल घेऊन चढायची. मी दार उघडून उभी असायचे आणि ती माझ्यासमोरून जिन्याकडे वळायची. हल्ली तिला मध्येच कठड्याला धरून थांबावं लागे. तिचा मुलगा अनंता एकदा माझ्यातच बायकोला म्हणाला, “डॉक्टरने जिना बंद करायला सांगितलाय. आता आईचा धंदाच बंद करायचा. घरात काय कमी आहे तिला?” ज्या बाईचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, ती दिवसभर घरात बसून काय करणार?

त्याच सुमारास ‘आदर्श सोसायटी’ स्पर्धेचे पाहुणे आले. लिफ्ट आहे का? आहे. सगळ्यांना आहे? सगळ्यांना. पूर्ण गुण. मी खूश. तेवढ्यात पाचव्या मजल्यावरचा सिद्धेश व्यायामशाळेतून आला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढला. “तब्येत बघा,” पाहुणे म्हणाले. पाठोपाठ सोनूबाई टोपली घेऊन चढू लागली.

“आजी, लिफ्टने नाही जात?”

“मना जिनाच बरा. सवय हाय.”

“वा! या वयात!” पाहुण्यांनी कौतुकाने मान डोलावली.

हे सगळं बघत चौथ्या मजल्यावरच्या दीप्तीताई तिथेच उभ्या होत्या. त्या पार्ल्याच्या कॉलेजात शिकवतात. मला त्या फार आवडतात, कारण त्या माझ्यात शिरल्यावर आरशात न बघता माणसांकडे बघतात. पाहुणे गेल्यावर त्या जिन्याच्या पहिल्याच वळणावर टेकलेल्या सोनूबाईजवळ जाऊन बसल्या.

“खरं सांगा मावशी, जिना आवडतो, की दुसरा इलाज नाही?”

सोनूबाई गुडघा चोळत हसली. “इलाज नाय तवाच सवय लागते, बाय.”

रविवारी माझ्यासमोरच्या पॅसेजमध्ये सभा भरली. खुर्च्या लागल्या, चहा आला. दीप्तीताईंनी पाटीचा विषय काढला, तसे दशरथभाऊ म्हणाले, “लिफ्ट सगळ्यांना आहे, नियम सगळ्यांना एकच. मग अन्याय कुठे झाला?”

“कोणाला काय दिलं ते तुम्ही मोजताय भाऊ. त्या दिलेल्यातून कोण काय करू शकतं, ते बघूया ना. सिद्धेश जिना चढतो, मावशीही चढतात. लांबून दोघं सारखेच दिसतात. पण सिद्धेशला कंटाळा आला तर तो बटण दाबतो. मावशींनी काय दाबायचं?”

“आपले गुडघे, अजून काय,” सिद्धेश बोलून गेला. सगळे हसले आणि मग एकेकाची नजर सोनूबाईच्या गुडघ्यांकडे गेली.

दशरथभाऊ काही वाईट नव्हेत. ते म्हणाले, “मग वॉचमन टोपली जिन्याने वर नेईल. सोनूबाई तू बस लिफ्टमध्ये. किंवा घरीच आराम कर ना गं, मुलगा कमावतोय.”

“माझी टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला?” सोनूबाई उठून उभी राहिली. “आणि आराम कवा करायचा ता माझं मी ठरवन. पोरगा जेवायला घालतो, नाय बोलत नाय. पण बाजारात मना सगली ओलखतात. घरात कोण ओलखतो? टीव्ही?”

अनंता मान खाली घालून ऐकत होता. आईला हे कधी विचारलंच नाही, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पहिल्या मजल्यावरच्या सुगंधा वहिनीही स्पष्ट बोलल्या. “मला वासाने मळमळतं. माझ्या मुलीच्या गणवेशावर एकदा पाणी ठिबकलं होतं. माझंही ऐका ना.” दीप्तीताई लगेच म्हणाल्या, “ऐकायलाच बसलोय. वहिनींनाही लिफ्ट नीट वापरता आली पाहिजे.” मग बरीच वादावादी झाली. शेवटी तोडगा सोनूबाईनेच सुचवला: टोपलीऐवजी घट्ट झाकणाचा डबा. खाली रबरी चटई घालायची आणि ती धुवायची, हे सोसायटीने पत्करलं.

सभा उठणार, तेवढ्यात दशरथभाऊ हळूच म्हणाले, “एक बोलू? आमच्या बाबांना दिसत नाही. खाली येतात, पण परत जायला कुणीतरी बटण दाबेपर्यंत इथे बाकावर बसून राहतात. मला वाटायचं, त्यांना खाली बसायला आवडतं.” मग माझ्या बटणांशेजारी बोटाला लागतील असे उंचवटे बसले. पहिल्या दिवशी दशरथभाऊंच्या बाबांनी, धोंडू आजोबांनी, माझा एकेक आकडा चाचपून पाहिला आणि स्वतः तीन नंबर दाबला. इतक्या वर्षांत मला इतक्या प्रेमाने कुणी हात लावला नव्हता.

ती पाटी निघाली. आमचा स्पर्धेत दुसरा नंबर आला, ते प्रमाणपत्र माझ्या आत लटकतंय. पण मला अभिमान आहे तो या माणसांचा. एकाच ठिकाणी राहणाऱ्यांनी समोरासमोर बसून, भांडून, चहा पिऊन एक दार खऱ्या अर्थाने उघडलं.

आता माझी दोरी कुरकुरते. लवकरच नवी लिफ्ट येईल म्हणतात. मित्रांनो, तिची काळजी घ्या, तिला स्वच्छ ठेवा. आणि कुणी ‘आमच्याकडे सगळं आहे’ म्हणालं, की दाराबाहेर कोण उभं राहिलंय तेही एकदा बघा. ‘मला सवय आहे’ असं ते म्हणाले, तरी जवळ बसून पुन्हा विचारा.

परवा दुपारी सोनूबाई आली. डबा माझ्यात ठेवला, सातचं बटण दाबलं आणि स्वतः बाहेरच राहिली. मी घाबरले. परत काही नियम आला की काय?

“तू जा वर, अनंता डबा काढंल,” ती मला म्हणाली. “मी सुगंधाकडे चहा पिऊन येतंय. एकच तर मजला हाय.”

आणि कठड्याला धरून, सावकाश, ती जिना चढू लागली. तोच जिना, तेच गुडघे, पण आज मर्जी तिची. मी दार लावलं आणि तिचा डबा घेऊन आनंदाने वर गेले.