उजवीकडचे पोल

गठ्ठ्यातली एकतिसावी उत्तरपत्रिका संपेपर्यंत इंदुताईंचं पेन घोड्यासारखं दौडत होतं. प्रश्न सहा गुणांचा: ट्रान्सफर फंक्शनचे पोल काढा आणि प्रणाली स्थिर आहे का ते सांगा. छेदात (s − 2)(s − 5). छेद शून्य करणाऱ्या s च्या किमती म्हणजे पोल; ते शून्याच्या डावीकडे असले तर प्रणाली स्थिर, उजवीकडे असले तर अस्थिर. विभागातून आलेल्या आन्सर कीमध्ये लिहिलेलं: पोल −2 आणि −5, दोन्ही डाव्या बाजूला, प्रणाली स्थिर. पोरांनीही तेच लिहिलेलं. बरोबर, बरोबर, बरोबर. तपासणाऱ्याला याहून सुखाचं काय असतं?

बत्तिसावी कॉपी गरिमाची निघाली. ही मुलगी अर्धं सत्र आजारी होती, त्यामुळे विभागाच्या तयार उत्तरांच्या प्रसिद्ध नोट्स तिच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. बिचारीला स्वतः सोडवावं लागलं होतं. तिनं छेद शून्य धरला, पोल काढले +2 आणि +5, आणि खाली लिहिलं: दोन्ही उजव्या अर्धप्रतलात, प्रणाली अस्थिर, आउटपुट वाढतच जाईल.

इंदुताईंनी लाल रेघ ओढायला पेन टेकवलं आणि तिथंच थांबवलं. s − 2 बरोबर शून्य, म्हणजे s बरोबर अधिक दोन. हे तर त्या तीस वर्षं शिकवत होत्या.

"पुष्कर, हे बघ रे," त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या तरुण प्राध्यापकाला हाक मारली.

पुष्करनं लॅपटॉपवर फंक्शन टाकून स्टेप रिस्पॉन्स, म्हणजे आउटपुटचा आलेख, काढला. रेघ उठली ती पडद्याबाहेरच गेली. "ताई, ये तो गया. परत येणार नाही आता."

गरिमाच्या बाकीच्या प्रश्नांची बेरीज तेवीस. पास व्हायला अठ्ठावीस हवेत. या प्रश्नाचे पूर्ण सहा मिळाले तर एकोणतीस, नाहीतर वर्ष हातचं जाणार.

दोघंही विभागप्रमुख दिग्विजयसिंह सरांकडे गेली. सरांनी चहा मागवला, मग की पाहिली, मग पुन्हा चहा.

"असं झालंय," ते म्हणाले, "मागच्या वर्षी प्रश्नात प्लस होते. पेपर तोच आला असं कुणी म्हणू नये म्हणून मी मायनस केले."

"आणि की?" ताईंनी विचारलं.

"की जुनीच चांगली होती."

पुष्कर खिडकीकडे तोंड करून खोकला.

"एक काम करू," सर म्हणाले. "पोरीलाही सहा द्या, बाकीच्यांनाही सहा. आपण उदार आहोत. क्या फर्क पडता है?"

"सर, एकाच प्रणालीचे पोल डावीकडेही आणि उजवीकडेही? विद्यार्थ्यांना काय सांगू, आवडेल ते घ्या?"

"ताई, बत्तीसपैकी एकतीस पोरांनी स्थिर लिहिलंय. एवढं बहुमत आमच्या वॉर्डात कुणाला मिळत नाही."

"मत मागितलं नव्हतं, उत्तर मागितलं होतं."

सर गंभीर झाले. त्यांनी कीचं शेवटचं पान उलटून पुढं सरकवलं. "मग की चुकली असं लिहून द्या. पण ही खालची सही कुणाची आहे, तेवढं वाचून."

'तपासून पाहिली', आणि खाली इंदुताईंची सही. त्यांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. फूलबागेजवळच्या मंदिरात कीर्तन होतं, बुवा पुण्याचे, आणि पूर्वरंग चुकू नये म्हणून ताईंनी रिक्षा थांबवून ठेवली होती. सरांनी कागद पुढं केला, ताईंनी सही ठोकली. पाहणं राहून गेलं. विभागात हीच रीत होती: करणारा तपासणाऱ्यावर भरवसा ठेवायचा आणि तपासणारा करणाऱ्यावर.

"दोन महिन्यांनी निवृत्ती आहे तुमची," सर मायेनं म्हणाले. "फाइल साफ असावी माणसाची."

ताईंनी ती सही पुन्हा वाचली. कीर्तनात तल्लीन होऊन मान डोलावणारी बाई, आणि मुलीच्या खऱ्या उत्तरावर रेघ ओढणारी बाई, दोघींचं नाव एकच असणार होतं.

"कागद द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं: प्रश्नपत्रिका बरोबर आहे, की चुकीची आहे, ती न पाहता मी सही केली. योग्य उत्तर: पोल +2, +5, प्रणाली अस्थिर. मी तपासलेल्या कॉप्यांतले गुण पुन्हा देत आहे.

मग त्या आपल्या टेबलावर बसल्या. एकतीस कॉप्यांवरचे सहाचे आकडे खोडून, छेद शून्य धरल्याबद्दल एकेक गुण दिला. पुष्करनं न सांगता अर्धा गठ्ठा ओढून घेतला. गरिमाच्या कॉपीवर ताईंनी सहा लिहिले आणि बेरीज दोनदा केली. एकोणतीस.

निकाल मागच्या वर्षीच्या ब्याण्णव टक्क्यांवरून एकसष्टवर आला. पुढच्या बैठकीत दिग्विजयसिंह सरांनी सांगितलं की विभागानं मूल्यमापनाचा दर्जा जाणीवपूर्वक उंचावला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी ताईंना हलगर्जीपणाबद्दल खुलासा मागणारं पत्र मिळालं, खाली सरांचीच सही.

ताईंनी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नीट वाचलं आणि मगच पोच म्हणून सही केली.