दारातला क्लोजअप

"मॅडम, याही वेळी मला राखेत लोळवणार आहात का?"

तेजल खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. मी मागे वळून पाहिलं नाही. अंधेरीतल्या आमच्या त्या काळोख्या खोलीत आवाज आधी येतो आणि माणूस नंतर दिसतं. पण आवाज ओळखला. दीड वर्षापूर्वी तिच्या पहिल्या फिल्मचं रंगाचं काम मीच केलं होतं.

"काम बघू आधी," सोफ्यावरून चंद्रप्रकाश सर म्हणाले. दिग्दर्शक तेच, पैसेही त्यांचेच. "मानसी, लाव तो शॉट. चार वाजता मी एडिट लॉक करतोय. तोपर्यंत पोरीचा चेहरा दिसला तर ठेवतो. नाहीतर पाठमोरा शॉट आहे, त्यावर आवाज टाकू."

"पाठमोरा?" तेजल उसळली. "सर, अख्ख्या पिक्चरमध्ये माझा तो एकच क्लोजअप आहे!"

"मग कॅमेरामनला जाऊन भांड ना. मी काळोख केला का?"

शॉट भांडुपच्या डोंगरावरच्या एका खोलीतला. भावाला घराबाहेर काढलंय आणि बहीण, म्हणजे तेजल, दारात उभी आहे. मागे गल्लीत रणरणतं ऊन. कॅमेरामन राजेशने कॅमेरा त्या उन्हाला जुळवून ठेवला होता, त्यामुळे गल्ली सुरेख आली आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं भोक. दुसरा टेक झालाच नाही, खोलीच्या मालकाने सगळ्यांना बाहेर काढलं म्हणून.

मी सवयीने हात चालवला. सावल्या वर ओढल्या. गल्ली पांढरीफटक पडली आणि चेहरा वर आला, पण कसा? राखाडी. ओल्या सिमेंटसारखा. आणि त्यावर निळे-लाल ठिपके वळवळायला लागले, तव्यावर रवा उडतो तसे.

"हेच!" तेजल उठून उभीच राहिली. "हेच केलं होतंस मागे. माझी मावशी विचारत होती, आजारी होतीस का गं?"

"मागच्या वेळी मला सांगितलं होतं की हिरॉईन..."

"कुणी सांगितलं? यांनी?"

"मी कशाला सांगीन?" चंद्रप्रकाश सर कडाडले. "ती फिल्म माझी होती का? आणि हिचा चेहरा दिसायला हवा म्हणालोय. गोरी कर असं कुठे म्हणालो?"

खरं तर कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्याकडे जुन्या एका कामाची फ्रेम जपून ठेवलेली आहे, दुसऱ्या मुलीची. चेहरा छान उजळ आलेला. नवा चेहरा आला की ती फ्रेम शेजारी लावायची आणि तितकाच उजेड येईपर्यंत ओढत राहायचं. सगळेच तसं करतात. आत्ताही ती पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात होती. मी कधी लावली, मलाच आठवेना.

"ही कोण?" तेजलने विचारलं.

"मापाला घेतलीये."

"माझं माप हिच्यावरून?"

मी ती फ्रेम काढली. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

शॉट पुढे-मागे सरकवताना तिचा डावा हात दिसला. चौकटीला धरलेला, मनगटापर्यंत उन्हात. बोटांच्या पेरांवर तांबूस झाक, नखांच्या बाजूला गडद कडा. तिचा रंग त्याच फ्रेममध्ये होता, अर्ध्या फुटावर, आणि मी तो दुसऱ्या बाईत शोधत होते.

"हात," मी म्हणाले.

"हाताचं काय?"

"रंग इथून घेते. उजेड मात्र हाताइतका देणार नाही. चेहरा सावलीत आहे, सावलीतलाच दिसायला हवा."

"बोलू नकोस. कर," तेजल म्हणाली.

चेहऱ्याभोवती मऊ कडांचा घेर आखला, ती मान हलवेल तसा सरकणारा. ऊन आता बाहेरच राहिलं. मग आधी ठिपके काढले. उजळून मग ठिपके काढायला गेलं की तेही उजळून बसलेले असतात. शेजारशेजारच्या फ्रेमी एकमेकींत मिसळल्या की ठिपके विरतात, कारण ते दर फ्रेमला जागा बदलतात, चेहरा बदलत नाही. निळ्या रंगात घाण सर्वात जास्त होती, तिथे हात जड ठेवला. त्यानंतर उजळलं, तेही फक्त मधले टोन. बुबुळं, केसांची मुळं, नाकपुड्या काळ्या त्या काळ्याच ठेवल्या. काळ्याला धक्का लागला की सगळ्या चेहऱ्यावर दूध सांडल्यासारखं होतं. उजळताना रंग फिका पडला होता, तो हाताकडे बघत बघत थोडा परत भरला.

ती दिसायला लागली. गालाचं हाड, भुवईजवळचा व्रण. काळीसावळी, सावलीत उभी असलेली एक बाई.

"बरंय," चंद्रप्रकाश सर म्हणाले. "स्वच्छ आहे. लॉक."

मला वाटलं, झालं. मग तेजल हळूच म्हणाली, "मी रडले होते इथे."

"डोळ्यांत पाणी आहे की," सर म्हणाले.

"पाणी नाही सर. मी सांगू शकत नाही. काहीतरी गेलंय."

"आता नखरे नकोत, यार. पावणेचार झालेत."

मी मूळ शॉट परत लावला, ठिपक्यांसकट नुसता उजळून, आणि डोळे पडद्याला चिकटवून पाहिला. शेवटच्या सेकंदात काहीतरी हललं. हनुवटी. ओठ मिटलेले होते आणि हनुवटी थरथरत होती, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. मी सकाळी पर्स उचलली की ती आधी रडत नाही. आधी तिची हनुवटी अशीच थरथरते, आणि त्या अर्ध्या सेकंदात मी अजून थांबू शकते. रोज बघते मी ते. दारात, चपला घालताना.

मशीनला ते कळलं नव्हतं. फ्रेमी मिसळताना ती थरथर त्याला ठिपक्यासारखीच वाटली. तीही पुसली होती.

"हनुवटी," मी म्हणाले. "मी पुसली. थांबा."

"वाट लागली माझी," चंद्रप्रकाश सरांनी घड्याळाकडे बघून हात झटकला.

ओठांखालून हनुवटीपर्यंतचा भाग मी वेगळा केला. तिथे फ्रेमी मिसळणं बंद. फक्त रंगाचे ठिपके काढले, उजेडाचे दाणे राहू दिले. मग तो तुकडा वेगळा ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या शॉटवरच बारीक, एकसारखे दाणे पसरले. तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी शॉट चालवला.

हनुवटी थरथरली.

"दाणे दिसतायत तिथे," सर म्हणाले.

"दिसू देत," तेजल फटकन म्हणाली. "दाणे काढले तर मी तिथे नुसती उभी आहे."

"मोठ्या पडद्यावर लोक मला विचारतील, कॅमेरा कुठला वापरला म्हणून!"

"विचारू देत ना! हिच्याकडे बघत असतील तर दाणे कुणाला दिसणारेत?" हे मी बोलले. मी क्लायंटशी असं बोलत नाही.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा शॉट संपल्यावरही ते तसेच पुढे वाकून बसले होते.

"ठेव," ते म्हणाले. "आणि तो राजेश मला भेटू दे नुसता." फोन कानाला लावत बाहेर गेले. दाराबाहेरून त्यांचं ओरडणं बराच वेळ येत राहिलं.

आम्ही दोघीच उरलो.

"मागचं नीट करता येईल?" तिने विचारलं.

"नाही. ते माझ्या हातात नाही आता."

"माझी आई अजून ती फिल्म लावून लोकांना दाखवते. म्हणते, बघा, पोरगी कशी उजळलीये." ती पडद्याकडेच बघत होती. "ती खूश होते गं. त्याचा मला जास्त राग येतो."

"सॉरी, तेजल."

"ते तुझ्याकडेच ठेव." तिने खुर्ची माझ्या टेबलाला भिडेपर्यंत पुढे ओढली. "माझे अजून अकरा शॉट आहेत ना? लाव पुढचा. मी इथेच बसतेय."